प्रकाशचंदांचा खरा आकडा

पारोळ्याच्या बाजारपेठेत कोणालाही विचारा, प्रकाशचंद शेठ कसे आहेत, तर उत्तर ठरलेलं. "त्यांना काय कमी आहे?" आता हे उत्तर लोकांच्या तोंडात टिकवून ठेवायला शेठना काय काय करावं लागत होतं, ते त्यांना ठाऊक आणि त्यांच्या बायकोला, पानबाईंना ठाऊक. दुकानातल्या वरच्या तीन फळ्यांवर साड्यांचे खोके ओळीनं मांडलेले असत, त्यातले निम्मे रिकामे. कोणी वरची साडी दाखवा म्हटलं की शेठ हसून म्हणत, "तो माल लग्नसराईचा आहे ताई, तुम्हाला रोजचा हवा ना?" आणि खालचा गठ्ठा सोडत.

माणूस तसा सरळ. कोणाला कापडात बोटभर फसवलं नाही, उपास-तापास चुकवला नाही. एकच खोड, पत. आजोबा राजस्थानातून आले ते लोटा आणि पत घेऊन, असं ते सांगत. लोटा कुठे गेला कोण जाणे, पत मात्र नातवाच्या मानगुटीवर बसली होती. पेठेतलं गिऱ्हाईक मोबाइलवर कपडे मागवायला लागलं, धुळ्याला मोठमोठी दुकानं उघडली, तरी शेठच्या कपड्यांची इस्त्री मोडली नाही.

मुलगी आयुषी जळगावला कॉलेजात होती. विनाअनुदानित अभ्यासक्रम, म्हणजे फी दांडगी. पहिलं वर्ष बँकेतली ठेव मोडून निघालं. दुसऱ्या वर्षाला मोडायला काही उरलं नव्हतं. सरकारी शिष्यवृत्तीच्या यादीत तिचा अभ्यासक्रम बसत नव्हता, पण कॉलेजच्या संस्थेचा स्वतःचा सहाय्य निधी होता. हुशार आणि गरजू मुलांचं शिक्षण शुल्क त्यातून माफ होई. आयुषीनं कोणाला न विचारता प्राचार्यांच्या नावे अर्ज लिहिला, पहिल्या वर्षाचं गुणपत्रक जोडलं, हजेरीचा दाखला जोडला आणि सुट्टीत घरी येऊन म्हणाली, "पप्पा, फक्त उत्पन्नाचा पुरावा राहिलाय."

शेठ जेवत होते. घास तसाच हातात राहिला. "फी माफी? आपण? बाजारात कळलं तर उद्या माल कोण देईल?"

"आणि फी नाही भरली तर पोरीला बाजार शिकवणार आहे का?" पानबाई म्हणाल्या. पानबाई कमी बोलत, पण बोलल्या की ताटातलं मीठसुद्धा ऐके.

शेवटी शेठ मुलीबरोबर जळगावला गेले. जाताना फायलीत काय घातलं, तर गेल्या वर्षीचं आयकर विवरणपत्र. पुराव्याला पुरावा, आणि इज्जतही शाबूत. आता बोला.

कॉलेजच्या कार्यालयात शिष्यवृत्तीच्या खिडकीवर प्रमिलाबाई बसत. त्यांनी अर्ज वाचला, गुणपत्रक बघितलं, मान डोलावली. "छान गुण आहेत. एकही विषय राहिलेला नाही." मग विवरणपत्रावरचा आकडा पाहून त्यांनी चष्मा काढला. "साहेब, निधीची उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. तुमचं उत्पन्न तर जवळजवळ त्याच्या दुप्पट दिसतंय."

"हो, म्हणजे..." शेठनी विवरणपत्र हळूच स्वतःकडे ओढलं.

"मग हा अर्ज मी घेऊ शकत नाही. आणि तसाही तहसीलदारांचाच दाखला लागतो, मार्चअखेरच्या वर्षाचा. या महिन्याच्या शेवटापर्यंत मुदत आहे."

परतीच्या एसटीत बापलेक शेजारी बसले. एरंडोलला गाडी थांबली. मग आयुषीनं विचारलं, "पप्पा, एवढं कमावतो आपण?"

शेठनी खिडकीबाहेर पाहिलं. खरं सांगायचं तर एवढं कमावण्याचं त्यांच्या दुकानानं स्वप्नसुद्धा पाहिलं नव्हतं. बँकेची कर्जमर्यादा दरवर्षी नवी करून घ्यायची, तर विवरणपत्र घसघशीत दिसायला हवं. कर लागणार नाही आणि बँक मान डोलावेल, असा मधला आकडा शेठ वर्षानुवर्षं लिहवून घेत होते. लोक उत्पन्न लपवतात म्हणून पकडले जातात, हा माणूस नसलेलं दाखवून अडकला होता. "नाही बेटा," ते म्हणाले. "निम्मंही नाही." लेकीसमोर एवढं बोलायला त्यांना अख्खं आयुष्य लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते संयमकडे गेले. संयम त्यांच्या नात्यातला, कर सल्लागार. त्यानं सगळं ऐकून घेतलं. "काकाजी, मागचं झालं ते झालं. पण यंदाचं विवरणपत्र अजून भरायचंय, आणि दाखला यंदाच्याच वर्षाचा हवाय. बिलं आणा, जे आहे ते भरू. मात्र बँक मर्यादा कमी करणार, हे धरून चाला. आणि कॉलेजवाल्यांनी विचारलं की गेल्या वर्षी एवढं आणि यंदा एवढं कसं, तर काय सांगाल?"

"विचार करतो," शेठ म्हणाले आणि गल्ल्यावर येऊन बसले. दिवसभर विचार केला. संध्याकाळी बिलांची पिशवी संयमकडे पोचवून आले. रात्री जेवण गेलं नाही, पण सकाळी उठल्यावर बरं वाटत होतं, हे त्यांनी पानबाईंना सांगितलं. पानबाई म्हणाल्या, "मग दुपारीही जेवू नका, संध्याकाळी आणखी बरं वाटेल." पण वाटीत तूप दोन चमचे जास्त घातलं.

सेतू केंद्रात अर्ज झाला. रेशनकार्ड, आधार, नवं विवरणपत्र, दुकानाचा परवाना, सगळं लागलं. तलाठ्याच्या चौकशी अहवालाशिवाय पुढे सरकत नव्हतं. तलाठी पोरगेलासा, कामाचा सरळ होता. म्हणाला, "शेठ, तुमच्याकडे बघून, यांचं उत्पन्न एवढं कमी कसं, असं मला कोणी विचारलं तर पंचाईत होईल. दोन पंचांचा जबाब घेतो. तुम्हाला ओळखणारे, इथलेच रहिवासी हवेत. बाहेरगावचा पाहुणा चालणार नाही."

मेलो, शेठच्या मनात आलं. दाखला गुपचूप होईल, अशी त्यांची आशा होती. आता बाजारातल्या दोघांसमोर जाऊन म्हणायचं, माझी ऐपत नाही, असं लिहून द्या.

एक पंच झाले गल्लीतले लीलाधर नाना. मास्तरकीतून निवृत्त, दिसतं कमी, बोलतात त्याहून कमी. त्यांनी निवांत वाचलं, सही केली, आणि चहा घ्या म्हणाले. दुसरा पंच सापडेना. म्हणजे सापडत होते, पण शेठचे पाय त्यांच्या दारापर्यंत जाऊन मागे वळत होते. मुदत काही कोणासाठी थांबत नाही. शेवटी त्यांनी रस्ता ओलांडला.

समोर अभिमनभाऊंचं लोखंडी सामानाचं दुकान. तीस वर्षं समोरासमोर. कोणाचं शटर आधी वर जातं, कोणाच्या दुकानापुढे दिवाळीत जास्त माळा, याची दोघांत न बोलता चाललेली चढाओढ सगळ्या पेठेला माहीत होती. शेठनी कागद पुढे ठेवला. "पोरीच्या फी माफीसाठी पंच हवाय. वाच आणि खरं वाटलं तर सही कर."

अभिमनभाऊंनी हात पुसले, कागद उजेडात धरला आणि आकड्यावर बराच वेळ थांबले. शेठना वाटलं, आता हसेल. हसायचा हक्क आहे त्याला.

"तुना आकडा मना परीस मोठा शे," अभिमनभाऊ म्हणाले. तुझा आकडा माझ्यापेक्षा मोठा आहे. आणि सही करून कागद परत दिला.

शेठ उठले. कागदाची घडी खिशात घालून "बरं" म्हणाले.

दाखला वेळेत आला. कॉलेजात समितीपुढे आयुषीला पालकांसह बोलावलं. एका सरांनी तिला प्रयोगशाळेतले दोन-तीन प्रश्न विचारले, तिनं न अडखळता उत्तरं दिली. मग प्रमिलाबाईंनी तोच प्रश्न काढला, ज्याची शेठ वाटच बघत होते. गेल्या महिन्यात आणलेल्या कागदावर वेगळा आकडा होता, तो कसा?

"तो मी बँकेसाठी फुगवून दाखवला होता," शेठ म्हणाले. "माझी चूक आहे. त्याबद्दल काय ते मला म्हणा, मुलीचा त्यात हात नाही. यंदाची सगळी बिलं पिशवीत आहेत, बघायची असतील तर."

प्राचार्यांनी पिशवी मागवून घेतली. दोन-चार बिलं खरंच बघितली, दाखला पुन्हा वाचला, मग समितीत आपसांत थोडं बोलणं झालं. आठवड्यानं यादी लागली. आयुषीचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ, अट एवढीच की प्रत्येक सत्रात सगळे विषय सुटले पाहिजेत. परीक्षा शुल्क आणि वसतिगृहाचं भाडं घरूनच. शेठनी फोनवर ऐकलं आणि दुकानातच खुर्चीवर बसून डोळे पुसले. समोर गिऱ्हाईक होतं, त्यालाही लाजले नाहीत.

बँकेनं मर्यादा खरोखरच कमी केली. सुरतेच्या व्यापाऱ्यानं दोन वेळा फोन करून चौकशी केली, पण माल पाठवायचं थांबवलं नाही. आभाळ काही कोसळलं नाही.

यादी लागली त्याच दिवशी संध्याकाळी शेठ पेढ्यांचा पुडा घेऊन समोरच्या दुकानात गेले. अभिमनभाऊंचा मुलगा हितेंद्र पत्र्याची शीट मोजत होता. बारावीला तालुक्यात नाव काढलेला पोरगा, पण दोन वर्षांपूर्वी कॉलेज न धरता दुकानात येऊन बसला. सगळे म्हणाले, बापाचा धंदा सांभाळायचा असेल. शेठही तेच म्हणाले होते.

"आयुषीची फी माफ झाली," शेठ म्हणाले. "तुझ्या सहीनं."

"चांगलं झालं." अभिमनभाऊंनी पेढा घेतला, अर्धा हितेंद्रला दिला. "याला पण जळगावला पाठवायचा होता. तिथल्या माफीचं त्याच्या शाळेतल्या मास्तरांनी सांगितलंही होतं. दाखल्याचा अर्ज आणून ठेवला होता घरात."

"मग? भरला का नाही?"

अभिमनभाऊंनी पेढ्याची बोटं पुसली. आवाजात राग नव्हता, तेच शेठना जड गेलं. "तू रोज समोर बसलेला. कडक इस्त्री, फळ्या भरलेल्या. म्हटलं, बठ्ठा बाजार, सगळाच, बघतो, प्रकाशचंद हात पसरत नाही, मग मी कसा पसरू? तुनाकडे देखीसन मी गप बसनू." तुझ्याकडे बघून मी गप्प बसलो.

हितेंद्रनं मोजायची फीत गुंडाळली आणि आत निघून गेला. शेठ पुडा हातात घेऊन उभे होते. तीस वर्षं या थाटाचा भुर्दंड फक्त आपलंच घर भरतंय, असं त्यांना वाटत होतं.

"त्याचं बारावीचं गुणपत्रक आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे की. कुठे जाईल?"

"काढून ठेव. यंदाची मुदत गेली, पण पुढच्या वर्षी प्रवेश घेऊ." शेठ गल्ल्याजवळच्या स्टुलावर बसले. "आणि पंच मी."