फाटकावरचा नकार

आजीची नजर अधू झाली होती. तिच्यासाठी आणलेला, नुसत्या बोलण्यावर गाणी लावणारा नवा स्पीकर आज चालू करायचाच, असं आजोबांनी ठरवलं. स्पीकरचा दिवा लुकलुकत होता, म्हणजे तो जोडणीला तयार होता. पण मोबाइलमधलं ॲप एकच पालुपद लावून बसलं होतं, ‘डिव्हाइस सापडलं नाही.’ आजोबांनी स्पीकर बंद-चालू केला, राउटरजवळ नेला, शेवटी ॲप काढून पुन्हा टाकलं.

“राहू द्या हो, उद्या बघू.”

“उद्या-बिद्या काही नाही!”

“मग ते काय विचारतंय ते मोठ्याने वाचा तरी.”

“‘जवळची डिव्हाइस शोधायला परवानगी द्याल?’ मघाशीही हेच विचारत होतं. सरळ नाही म्हटलं. ओळख ना पाळख, याला घरात शोधाशोध करू देऊ?”

आजोबांचा जन्म कारखान्याच्या फाटकावर पहारा देण्यात गेला होता. आजीला हसू आवरेना. “अहो, त्याला फाटकातच अडवलंत, मग आतला स्पीकर सापडणार कसा?”

आजोबांनी ओठ घट्ट मिटून ‘हो’ दाबलं. स्पीकर लगेच सापडला. वायफायचा पासवर्ड टाकला आणि आजीने मागितलेलं गाणं सुरू झालं. ती डोलू लागली, तसे आजोबा ॲपला दिलेली परवानगी काढून घ्यायला गुपचूप सेटिंगमध्ये शिरले. काम झालेल्या माणसाला त्यांनी आवारात कधी रेंगाळू दिलं नव्हतं.