विजयश्रीनं ओटी भरू दिली न्हाई

माझी नातसून विजयश्री चाकणच्या कंपनीत सुट्या भागांची तपासणी करते. तिच्या किडन्या निम्म्याहून कमी काम करतात, तरी तिला मूल हवंय. म्हणून दिवस राहायच्या आधीच ती आणि माझा नातू नवनाथ मला घेऊन किडनीच्या डॉक्टरीणबाईंकडं गेली.

बाई म्हणाल्या, "मूल होऊ शकतं. पण बीपी चढण्याचा, बाळ लवकर आणि कमी वजनाचं होण्याचा धोका आहे. तुमच्या किडन्या कायमच्या आणखी खालावू शकतात. आधी बीपी आणि लघवीतलं प्रोटीन आटोक्यात आणू. आताची बीपीची गोळी गरोदरपणात चालत नाही, ती मी बदलते. स्वतःहून काही बंद करू नका, आणि मी सांगेपर्यंत दिवस राहू देऊ नका."

घरी माझी धाकटी जाऊ छबूबाई नारळ घेऊन ओटी भरायला बसलेली. "डॉक्टरांचं काय ऐकतीस? पोर झालं की समदं दुखणं जातं!"

मी म्हणलं, "छबे, तुझ्या एवढ्या पोरांनी तुझे गुडघे कुठं बरे केले गं?"

विजयश्रीनं पदर पुढं केलाच न्हाई. "धाकट्या आजी, बीपी उतरलं की मीच ओटी मागीन. न्हाई उतरलं, तर पोराबिगर याच घरात ताठ मानेनं राहीन."

छबूबाई आशेनं नवनाथकडं बघाय लागली. त्यानं नारळ उचलून तिच्याच पिशवीत ठेवला.