पाचव्या मुद्द्याखालची रिकामी जागा

दापोडीला रेल्वे लाइनीच्या बाजूला पत्र्याची एक शेड होती. तिथे आमच्या साहेबांची पंप बसवण्याची आणि नळ टाकण्याची छोटी कंपनी चालायची. मी तिथे टायपिस्ट होते आणि माझे यजमान फिटर. तीस-बत्तीस माणसांच्या त्या शेडमध्ये बाई मी एकटीच. पन्नास साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. पिंपरीच्या माळरानावर कारखाने उभे राहायला लागले होते आणि प्रत्येकाला आधी पाणी लागत होतं.

अशाच एका नव्या कारखान्याचं टेंडर निघालं. पवना नदीवर पंपघर बांधायचं आणि तिथून रेल्वे आणि मुंबई रस्ता या दोन्हींखालून बिडाचे नळ टाकत पाणी कारखान्यापर्यंत न्यायचं. आमच्यासारख्यांना वर्षभर पुरेल एवढं काम. साहेबांनी जातीने बसून काम कसं करणार याचा भाग लिहिला. एकतीस पानं झाली. त्यांचं इंग्रजी मोठं सुरेख होतं. वाक्य सुरू झालं की पाच ओळींनी संपायचं.

पानं माझ्याकडे टाइप करायला आली त्याच दिवशी साहेब एक शंका विचारायला कारखान्याच्या ऑफिसात जाऊन आले. तिथल्या इंजिनिअरने त्यांना सरळ सांगितलं होतं की, तपासणारे आम्ही तिघं आहोत आणि मुद्द्यांची यादी हातात घेऊन बसतो. मुद्द्याचं उत्तर सापडलं नाही तर ते लिहिलेलंच नाही असं धरतो, शोधत बसत नाही. साहेबांनी हे मला सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. आधीचं एक टेंडर हातचं का गेलं, हे त्यांना बहुधा तेव्हाच कळलं.

"बाई, तुम्ही इंजिनिअर नाही, हेच बरं आहे," ते म्हणाले. "यादी घ्या आणि तुम्हाला काय सापडतं ते बघा."

टेंडरच्या कागदात सहा मुद्दे दिले होते. पहिला पंपांची निवड, दुसरा नळांचे सांधे आणि दाबाची चाचणी, तिसरा रेल्वे आणि रस्ता यांची वाहतूक न थांबवता खालून नळ नेण्याची पद्धत, चौथा पाणी सुरू करण्याआधी नळ धुऊन निर्जंतुक करणं. पाचवा खोल चरातल्या मजुरांची सुरक्षितता, आणि त्यातच पुढे, मागच्या कामांवर अपघात झाले असल्यास ते कोणते आणि त्यानंतर काय बदल केला. सहावा कामाचं वेळापत्रक.

मी ड्रॉइंगच्या लांब टेबलावर सहा कोरे कागद मांडले आणि प्रत्येकावर एकेक मुद्दा त्यांच्याच शब्दांत लिहिला. मग साहेबांच्या कच्च्या प्रतीचे कात्रीने तुकडे करत गेले. जो परिच्छेद ज्या मुद्द्याचं उत्तर देत होता तो त्या कागदावर ठेवला. कशाचंच उत्तर न देणारे तुकडे बाजूला टाकले. कंपनी कशी सुरू झाली, देशाच्या उभारणीत पाण्याचं स्थान काय, आमच्या कारागिरांची निष्ठा, अशी नऊ-दहा पानं बाजूला पडली. साहेब उभे राहून बघत होते. एकदा त्यांनी त्यातला एक तुकडा उचलला, वाचला आणि परत ठेवला.

दुसऱ्या मुद्द्यावर सगळ्यात जास्त काम झालं. त्यांनी लिहिलं होतं की सांधे अत्यंत कुशलतेने भरले जातील आणि त्यांची कसून तपासणी होईल. मी विचारलं, कसून म्हणजे काय? ते चिडले. मग त्यांनीच सांगितलं आणि मी उतरवून घेतलं. सांध्यात आधी ताग ठासायचा, मग वितळलेलं शिसं ओतायचं आणि थंड झाल्यावर ठोकून घट्ट करायचं. नळ टप्प्याटप्प्याने बंद करून कामाच्या दाबाच्या दीडपट दाब द्यायचा. तोवर सांध्यांवर माती टाकायची नाही. जो सांधा पाझरेल तो पुन्हा करायचा आणि चाचणी पहिल्यापासून घ्यायची. जबाबदारी मुकादमाची, नोंद अमुक वहीत, नकाशा क्रमांक तीन. दीड पानाचं सहा ओळींत आलं. साहेबांनी ते वाचलं आणि म्हणाले, "हे तर मला पाठ होतं. मग मी लिहिलं का नाही?"

तीन दिवसांत टेबलावर पाच कागद भरले. पाचव्या मुद्द्याचा कागद तेवढा रिकामा होता. एकतीस पानांतून त्याच्या वाट्याला एकच वाक्य आलं होतं: मजुरांच्या सुरक्षिततेची सर्व योग्य ती काळजी घेतली जाईल.

एवढी पानं मी त्याआधी दोनदा वाचली होती, पण ती उणीव मला जाणवली नव्हती. तुकडे मांडल्यावर ती कुणालाही दिसली असती. आणि ती का राहिली, हे शेडमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं.

आमच्या फाटकावरचे रखवालदार मावळातले. पन्नाशीचे असतील. दोन वर्षांपूर्वी ते आमच्याकडे चर खणायचे. एका गिरणीच्या कामावर काळ्या मातीतला चर ढासळला आणि ते कमरेपर्यंत गाडले गेले. बाहेर काढले तेव्हा कमरेचं हाड मोडलं होतं. साहेबांनी दवाखान्याचं सगळं केलं आणि नंतर फाटकावर बसवलं. त्यांच्यासमोर कुणी त्या दिवसाचा विषय काढत नसे. साहेब तर फाटकातून आत येताना पलीकडे बघत येत.

दुपारच्या सुट्टीत मी फाटकावर गेले. म्हटलं, दादा, रागवू नका, पण त्या दिवशी नेमकं काय झालं होतं? ते काठीने जमिनीवर रेघ ओढून दाखवायला लागले. चर पुरुषभर खोल गेला होता. काढलेली माती काठालाच ढिगाने टाकली होती आणि रात्री पाऊस पडून गेला होता. फळ्या आणल्या होत्या, पण त्या दुसऱ्या टोकाला पडून होत्या, कारण काम लवकर उरकायचं होतं. शिडी नव्हती. वर कुणी लक्ष ठेवायला नव्हतं.

"मातीला आदी चीर पडती, बाई," ते म्हणाले. "वर मानूस असता तर त्याला दिसली असती. मला खालून न्हाई दिसली."

मी ते सगळं परत येऊन लिहून काढलं, प्रत्येक गोष्टीसमोर उलट काय करायला हवं ते. पाच फुटांपेक्षा खोल चराला दोन्ही बाजूंनी फळ्यांचा आधार, आणि फळ्या बसल्याशिवाय खाली कुणी उतरायचं नाही. माती काठापासून तीन फूट लांब. दर थोड्या अंतरावर शिडी. रोज सकाळी आणि प्रत्येक पावसानंतर मुकादमाने चर तपासायचा. वर एक माणूस कायम. साहेबांनी वाचून दोन ठिकाणी दुरुस्ती केली, फळ्यांची जाडी घातली आणि नकाशा क्रमांक जोडला. मग मी म्हटलं, मुद्द्याचा अर्धा भाग राहिला. मागच्या अपघातांचा.

"लिहा, एकही नाही," साहेब म्हणाले.

मी टाइपरायटरवर मुद्द्याचे शब्द उमटवले आणि हात थांबले. मला काही बाणेदारपणा दाखवायचा नव्हता. माझी आणि यजमानांची, दोघांची भाकरी त्या शेडवर होती. पण खिडकीतून फाटक दिसत होतं.

"साहेब, हे मला टाइप करता येत नाहीये," मी म्हटलं.

मला वाटलं ते ओरडतील. ते उठून खिडकीपाशी गेले. मग बाहेर पडून फाटकावर गेले. दोघं काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. बोलणं थोडंच झालं. रखवालदार उठायला लागले तेव्हा साहेबांनी त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं, एवढं दिसलं. परत आले आणि उभ्यानेच सांगितलं: एक गंभीर अपघात, काळ्या मातीचा चर ढासळून, एक मजूर कायमचा जायबंदी. कारण, फळ्या जागेवर असून बसवल्या नव्हत्या. वर दिलेले सर्व नियम त्यानंतर ठरवले आहेत.

"ठरवले आहेत, असं लिहू?" मी विचारलं.

"नको. ते आज ठरवलेत," ते म्हणाले. "ते नियम या कामापासून लागू करू, असं लिहा."

शेवटी तेरा पानं झाली. पहिल्या पानावर तक्ता घातला, कोणत्या मुद्द्याचं उत्तर कोणत्या पानावर आणि कोणत्या नकाशात. कार्बन घालून चार प्रती काढल्या. साहेब स्वतः पाकीट देऊन आले.

काम आम्हाला मिळालं नाही. दोन ओळींचं पत्र आलं, त्यात कारण नव्हतं. नदीपासून कारखान्यापर्यंतचे नळ मुंबईच्या एका कंपनीने टाकले. आमच्याकडे पुढे मोठं काम नव्हतं, त्यामुळे दोन महिन्यांत बारा माणसं कमी झाली. त्यांत माझे यजमान होते. ते मुंबईला एका गिरणीत लागले आणि दीड वर्ष तिथेच राहिले. मी दापोडीतच राहिले. जाताना ते मला टाकून बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "तू तो कागद भरला नसतास तर काय झालं असतं?" रेल्वेखालून नळ नेण्याचा आम्हाला अनुभव नव्हता, तेही कारण असेल. किंवा आमचा खर्चाचा आकडा जास्त असेल. बारा घरांपैकी तीन माझ्या गल्लीतली होती. नळावर त्यांच्या बायका भेटायच्या. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं आणि मी सांगितलं नाही.

साहेबांनी त्यानंतर एक केलं. जाड फळ्या विकत घेतल्या आणि लहानातल्या लहान कामावरही त्या पाठवायला लागले. मुकादम कुरकुरत. एकदा भोसरीच्या कामावर फळ्या पोचायला उशीर झाला तर साहेबांनी अख्खा दिवस काम बंद ठेवलं.

यजमानांना पुढे चिंचवडला नोकरी मिळाली तेव्हा मी शेडमधली नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी धीर करून साहेबांना विचारलं, त्या ओळीमुळेच काम गेलं असं तुम्हाला वाटतं का?

ते चष्मा पुसत राहिले. "मला माहीत नाही," म्हणाले. "कधी वाटतं, ती ओळ घालायला नको होती. बारा माणसं होती. मग मी फाटकातून आत येतो, आणि तसं वाटत नाही. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा वाटतं."

मी नमस्कार केला आणि निघाले. फाटकावर रखवालदारांनी विचारलं, चाललात व्हय? मी हो म्हटलं. त्यांनी उठून फाटक उघडलं. बाहेर रस्त्यावर पिंपरीकडे जाणारे वाळूचे ट्रक एकामागून एक जात होते. ते संपेपर्यंत मी कडेला उभी राहिले.