स्वयंपाकघरांच्या नजरेतली बाग

बाबा निवृत्त झाले आणि दिल्लीच्या सरोजिनी नगरमधलं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही यमुनेपलीकडच्या नव्या सोसायटीत राहायला आलो. तेव्हा ज्याला त्याला गाडी घ्यायची घाई होती. वास्तुविशारदानेही काळ ओळखून सगळ्या बैठकीच्या खोल्या रस्त्याकडे काढल्या होत्या, म्हणजे आपली गाडी आपल्याला आणि दुसऱ्याची दुसऱ्याला दिसावी. बाग गेली मागे. मी स्वतः बागा आखण्याचं काम करते, त्यामुळे ही बाग बघून पहिल्याच दिवशी माझं डोकं फिरलं होतं. पण घरच्या वैद्याला कोण विचारतो!

आईला मधुमेह. डॉक्टरांनी गोळ्यांइतकंच चालणं महत्त्वाचं आहे म्हणून बजावलेलं. क्वार्टरमध्ये असताना ती शेजारणींबरोबर संध्याकाळी चालायची, ती सवय तिने इथेही लावून घेतली. बागेतली वाट फाटकापासून सरळ निघायची आणि पंपाच्या खोलीमागे भिंतीपाशी संपायची. गेलं की त्याच वाटेने परत. एका हिवाळ्यात, दिवेलागणीला, त्या पंपाच्या खोलीमागून एक माणूस पुढे आला आणि आईच्या गळ्यातलं मंगळसूत्र ओढून भिंतीवरून पसार झाला. ती ओरडली. कोणालाही ऐकू गेलं नाही.

मानेवरचा वळ काही दिवसांत गेला. आईचं चालणं मात्र थांबलं ते थांबलंच. बाबा म्हणाले, मी येतो बरोबर. ती म्हणाली, "नको हो. बिल्कुल इच्छा नाही." साखर वाढत गेली, पायाला मुंग्या यायला लागल्या. दिवसभर घरात काहीबाही आवरत राहायची. मला तिचा राग यायचा आणि त्या रागाचीच लाज वाटायची.

सोसायटीच्या समितीने आपल्या परीने बंदोबस्त केला. भिंत वाढवली, भोवती मेंदीचं कुंपण पुरुषभर उंच होऊ दिलं आणि बागेच्या मधोमध एक उंच खांब रोवून त्यावर मोठा दिवा चढवला. झालं काय, तर बाहेरून आत काही दिसेना. तो दिवा डोळ्यांत खुपायचा आणि झाडांखाली आणखीच दाट काळोख व्हायचा. आता बागेत कोणीच जाईना. समितीचे सचिव हे एक निवृत्त अधिकारी, सगळे त्यांना अंकल म्हणत. ते मला म्हणाले, "बेटा, अब तो बिल्कुल सेफ है." रिकामी बाग सुरक्षित असते, हे खरंच होतं.

मी म्हटलं, नवा नकाशा मी काढून देते. त्यांनी हो म्हटलं, फुकट काम कोण नाकारतो!

बागेवर नजर हवी, एवढं मला ठाऊक होतं. चौकीदाराची नाही, जाता-येता सहज पडणारी. पण ती आणायची कुठून? मागच्या बाल्कन्यांना सगळ्यांनी काचा लावून खोल्या केल्या होत्या. झोपण्याच्या खोल्यांच्या खिडक्यांत उन्हाळाभर कूलर बसलेले, आणि दिल्लीत एकदा बसवलेला कूलर हिवाळ्यातही तिथेच कापड गुंडाळून राहतो. मी अगदी हात टेकले होते. एका संध्याकाळी स्वयंपाकघरात गेले तर आई फोडणी करता करता खिडकीतून बाहेर बघत होती. मी तिच्या खांद्यावरून पाहिलं. खाली मेंदीची भिंत, पलीकडे झाडांखालचा काळोख. मी बाहेर वाकले. शेजारी, वर, खाली, सगळीकडे स्वयंपाकघरांतले दिवे लागलेले आणि प्रत्येक खिडकीत कोणी ना कोणी उभं. चालण्याची वेळ आणि स्वयंपाकाची वेळ एकच होती.

मग नकाशा आपोआप झाला. सरळ वाट काढून टाकून मी गोल फेरीची वाट आखली, जिला शेवट नाही, आणि तिची एक बाजू स्वयंपाकघरांसमोरून नेली. दोघी जोडीने चालल्या तरी तिसरीला जाता येईल एवढी रुंद, आणि पावसात घसरू नये म्हणून खरखरीत फरशीची. मेंदी गुडघ्याखाली छाटायची, झाडांच्या खालच्या फांद्या डोक्याच्या वर जाईपर्यंत काढायच्या, म्हणजे मधे नजर अडणार नाही. भिंतीच्या जागी आरपार दिसणारी जाळी, आणि रस्त्यावर भाजीवाले बसतात त्या बाजूला दुसरं फाटक. पंपाच्या खोलीमागचा बोळ बंद. पूर्वीची बाकं कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून होती. ती वळणांवर आणली, वाट आणि फाटक दोन्ही दिसतील अशी, आणि म्हाताऱ्या माणसांना उठताना आधार म्हणून त्यांना खुर्चीसारखे हात बसवले. मधला खांब काढून वाटेच्या कडेने ठेंगणे दिवे लावले, झाडांच्या पानांखाली, उजेड खाली पाडणारे, एकाचा उजेड दुसऱ्याला भिडेल इतके जवळ. आणि पांढरे. पिवळ्या दिव्यात माणूस दिसतो, पण त्याचा चेहरा ओळखू येत नाही.

सभा बागेतच झाली, उन्हात, शेंगदाणे खात. अंकल भिंतीसाठी हटून बसले. "दीवार तोड़ेंगे तो चोर को न्योता देंगे!" मी म्हटलं, चोर भिंतीवरूनच गेला होता आणि भिंतीमुळेच तो कोणाला दिसला नाही. पण खरी अडचण आणली तळमजल्यावरच्या पंजाबी भाभींनी. त्या मला सरळ म्हणाल्या, "लोग मेरी रसोई में झाँकेंगे. तेरी मम्मी की सैर के लिए मैं परदे में रोटी बनाऊँ?"

त्यांचं काही चुकीचं नव्हतं. मी वाट त्यांच्या खिडकीपासून थोडी लांब सरकवली, मधे फुलझाडांचा वाफा दिला आणि खिडकीला फक्त खालच्या अर्ध्या भागात पडदा लावून दाखवला. उभं राहिलं की बाहेरचं दिसतं, बाहेरच्याला फक्त डोकं दिसतं. भाभींनी आतून बाहेर पाहिलं, बाहेर जाऊन आत पाहिलं. मग म्हणाल्या, "चलो, देखते हैं."

बाग झाली. लोक यायला लागले. आई मात्र खिडकीतूनच बघायची. मी एकदाही चल म्हटलं नाही. गुलाबी थंडीतल्या एका संध्याकाळी ती चपला घालून माझ्यापुढे उभी राहिली. "तू येऊ नकोस," म्हणाली. "तू खिडकीत थांब." मी थांबले. वळणावर ती मान वर करून बघायची, मी आहे ना याची खात्री करायची. पुढे पुढे तिने बघणं सोडलं. तेव्हा मी गॅसशी उभी राहून रडले.

त्यानंतर ती काही वर्षं चालली. बाबा गेले, तरी दिवस झाल्यावर ती पुन्हा चालायला लागली. आणि अशीच चालत असताना एका संध्याकाळी वळणावरच्या बाकाशी गेली, बसायला म्हणून हात टेकला आणि खाली कोसळली. मी ऑफिसात होते. इस्पितळात पोहोचले तेव्हा सगळं संपलं होतं. बाहेर भाभी बसलेल्या, पायांत चपला नाहीत.

"खिड़की से देखा," त्या म्हणाल्या. "मैं भागी. ऊपरवालियाँ भी भागीं. सर मेरी गोद में था. डरी नहीं वो, मेरा हाथ पकड़े रही."

मी आत गेले. आईच्या पोलक्याच्या बाहीवर, दंडापाशी, कणकेची बोटं उमटून वाळली होती. नर्स ओलं फडकं घेऊन आली. मी तिला म्हटलं, एवढं राहू दे.