रजिस्टरातली सहावी ओळ

आमच्या ऑफिसात अमावास्येला प्रॉडक्शनला हात लावत नसत. हसू नका, मीही सुरुवातीला हसले होते. नऊ माणसांची सॉफ्टवेअर कंपनी, खाली टायरचं दुकान, वर आम्ही, आणि मालकांच्या टेबलावर कॉम्प्युटरच्या शेजारी उभं केलेलं पंचांग. नवीन कोड टेस्टच्या मशीनवर कधीही चढवा, मोडा, परत चढवा, त्याला कुणी विचारत नव्हतं. पण ज्यावर गिऱ्हाइकाचं खरं काम चालतं ती सिस्टीम, म्हणजे प्रॉडक्शन, अमावास्येला जशीच्या तशी ठेवायची.

लागोपाठच्या दुष्काळाची ती वर्षं. शहर मात्र काही थांबलं नव्हतं. बायपासच्या पलीकडं रोज नवे प्लॉट पडत होते, बिल्डिंगा उठत होत्या आणि त्यांना नळ नव्हते. वाळूजच्या वाटेवरच्या वस्त्यांना टँकर, आसपासच्या गावांना टँकर, मी भाड्यानं राहायचे त्या कॉलनीलाही टँकर. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक असाच एक टँकरवाला कंत्राटदार होता. भरणा केंद्रावर आमच्या सॉफ्टवेअरमधून चिठ्ठी छापली गेली की टँकरला पाणी मिळायचं. चिठ्ठी नाही तर पाणी नाही. हातानं लिहिलेल्या चिठ्ठ्यांवर मधेच पाणी विकलं जायला लागलं, म्हणून कंत्राटदारानं त्या पार बंद केल्या होत्या.

त्याला आता चिठ्ठीवर आणखी एक गोष्ट हवी होती: टँकर कुठल्या विहिरीत किंवा टाकीत रिकामा करायचा ते ठिकाण. काम माझ्याकडं आलं. डेटाबेसमध्ये टँकरच्या फेऱ्या नोंदवायचं जे टेबल होतं, त्यात ठिकाणासाठी एक नवा रकाना लागणार होता. तो मी पहिल्याच दिवशी टेस्टच्या डेटाबेसवर थेट आज्ञा टाइप करून वाढवला. अर्ध्या मिनिटाचं काम. फाइल वगैरे काही केली नाही. पुढचे तीन आठवडे त्या रकान्याच्या जिवावर कोड लिहिला, तपासला, मिरवला. तीन आठवड्यांत मला तो रकाना जन्मापासूनच तिथं असल्यासारखा वाटायला लागला होता.

प्रॉडक्शनला जे काही जायचं ते काका चढवायचे. पन्नाशी ओलांडलेले, पूर्वी वाळूजच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर विभागात होते, तो विभाग बंद झाल्यावर आमच्याकडं आले. छावणी भागातल्या घरून स्कूटरवर यायचे. प्रॉडक्शनचा पासवर्ड फक्त त्यांच्याकडं असे, आणि ते काय चढवणार हे शहागंजातून आणलेल्या लाल कापडी बांधणीच्या एका लांबट रजिस्टरावर ठरायचं. एका दिवसाला एक पान. प्रोग्रॅमरनं ओळी लिहायच्या, काकांनी वरून खाली एकेक करत जायचं. पानावर नाही ते चढणार नाही.

गुरुवारच्या पानावर मी सहा ओळी लिहिल्या. पाच फाइलींची नावं आणि सहावी ओळ डेटाबेसची: फेऱ्यांच्या टेबलात नवा रकाना वाढवा. ती आठवणीनं लिहिली, हे माझं मलाच कौतुक वाटलं होतं.

बुधवारी संध्याकाळी मालकांनी पंचांग चाळलं. गुरुवारी अमावास्या. त्यांनी रजिस्टर मागवलं, माझ्या पानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ ओढली आणि म्हणाले, "शुक्रवारचं नवीन पान लिही. त्या पानावरचं काम करायचं नाही."

मला राग आला होता. एकविसाव्या शतकात हे काय थोतांड, असं मनातल्या मनात बडबडत मी नवं पान लिहायला बसले. रेघ मारलेलं पान उलटून बघायचेही कष्ट घेतले नाहीत. मशीनवर बदललेल्या फाइलींचं फोल्डर उघडलं आणि नावं उतरवून काढली. पाच. डेटाबेसच्या आज्ञेची फाइलच नव्हती, तर ती फोल्डरात दिसणार कुठून? मी सही ठोकून घरी गेले.

शुक्रवारी सकाळी सहा वाजता आमच्या कॉलनीत टँकर आला होता. मी एका हातात पाइप, कानाशी मोबाइल अशी उभी होते. काकांचा फोन.

"बेटा, त्या रेघवाल्या पानावर सहा ओळी दिसतायत. इथं पाचच हायेत. एक कमी केली का?"

माझा ड्रम भरत आला होता, मागची बाई पाइपसाठी भांडत होती. मी म्हणाले, "हो काका, पाचच. करून टाका."

"नक्की ना? ती टेबलाची ओळ नाय इथं."

"काका, टेस्टला सगळं चालतंय. करा तुम्ही."

सगळं चालतंय. आजही कुणी हे दोन शब्द म्हणालं की मला त्याच्या तोंडावर हात ठेवावासा वाटतो.

साडेसहाला त्यांनी पाच फाइली चढवल्या. लॉगिन उघडून बघितलं, गाड्यांची यादी बघितली. ते रकान्याला शिवतच नव्हतं, त्यामुळं दोन्ही ठीक चाललं. सात वाजता भरणा केंद्रावर पहिली चिठ्ठी छापायला घेतली आणि पडदाभर एरर. दुसरी, तिसरी, तेच. माझा नवा कोड प्रत्येक चिठ्ठीसोबत ठिकाण लिहायला जात होता आणि प्रॉडक्शनच्या टेबलात ठिकाणाचा रकानाच नव्हता. जुन्या चिठ्ठ्या उघडायला गेलं तरी तोच कोड तो रकाना मागायचा, म्हणून त्याही उघडेनात.

मी ऑफिसात पोचले तेव्हा केंद्रावरचा कारकून फोनवर किंचाळत होता. "ताई, लई गाड्या उभ्या हायेत इथं! ड्रायव्हर माझ्या अंगावर यायलेत!"

काकांनी एकच विचारलं, "जुना कोड परत टाकू का? दहा मिनिटांचं काम हाय."

ते बरोबर होते. जुन्या कोडला तो रकाना लागतच नव्हता. टाकला असता तर पावणेआठला चिठ्ठ्या निघायला लागल्या असत्या. पण जुना कोड टाकणं म्हणजे माझं काम फसलं हे कबूल करणं. मी म्हणाले, "कोडमध्ये काही नाही काका. त्यांचं नेट गेलं असेल." आणि पुढचा दीड तास मी टेस्टवर चिठ्ठ्या छापून छापून दाखवत राहिले. बघा, चालतंय. बघा, परत चालतंय. माझ्यासमोर छापलेल्या चिठ्ठ्यांचा ढीग झाला आणि तिकडं टँकर कोरडे उभे.

शेवटी काकांनीच प्रॉडक्शनचा लॉग उघडून माझ्यापुढं धरला. त्यात सरळ लिहिलं होतं की या नावाचा रकाना टेबलात नाही. प्रत्येक चिठ्ठीमागं तीच ओळ, शेकड्यानं. त्यांनी आज्ञा टाइप केली आणि चालवली. त्या काळच्या आमच्या डेटाबेसात रकाना वाढवायचा तर सगळं टेबल नव्यानं लिहून निघायचं आणि तोवर त्यात नवं काही भरता यायचं नाही. कैक वर्षांच्या फेऱ्या होत्या त्यात. आणखी वीस-पंचवीस मिनिटं गेली. चिठ्ठी निघाली तेव्हा साडेनऊ होऊन गेले होते. सकाळच्या फेऱ्या बुडाल्या त्या बुडाल्याच. त्या गावांना पाणी दुसऱ्या दिवशी मिळालं.

दुपारी कंत्राटदार स्वतः आला. कोणाच्या चुकीनं झालं ते सांगा, नाहीतर काम दुसरीकडं देतो, असं मालकांना सुनावून गेला. तो गेल्यावर मालकांनी आम्हा दोघांना आत बोलावलं. टेबलावर रजिस्टर उघडं होतं, दोन्ही पानं समोर.

"लिहिणारा चुकतो," मालक काकांना म्हणाले, "म्हणून तर चालवणारा वेगळा ठेवलाय. दोन्ही पानं ताडून बघितली होती का?"

"बघितली."

"ओळ कमी दिसली नाही?"

"दिसली."

"मग हिला विचारलं का नाही?"

काका काही बोलले नाहीत. त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, अगदी शांतपणे, आणि बराच वेळ. मी रजिस्टराकडं बघत मूग गिळून बसले. माझ्या मोबाइलमध्ये सहा वाजून चार मिनिटांचा त्यांचा कॉल तसाच होता आणि मोबाइल माझ्या मांडीवर होता.

मालकांनी मान हलवली. "या वयात एवढा निष्काळजीपणा परवडत नाही काका. सोमवारपासून येऊ नका."

काका उठले. पासवर्ड त्यांनी एका कागदावर लिहून माझ्या टेबलावर ठेवला, खाली माझी सही घेतली आणि स्कूटर काढून गेले. सोमवारपासून त्यांची खुर्ची मला मिळाली.

त्यानंतर मी स्वतःला एक गोष्ट सांगायला लागले. काकांनी मला वाचवलं. पोरगी तरणी आहे, शेतकऱ्याच्या घरातून एकटी शहरात आलीय, हिचं करिअर बुडू नये म्हणून त्यांनी सगळं आपल्या अंगावर घेतलं. मैत्रिणींनाही मी हेच सांगितलं, डोळ्यांत पाणी आणून. या गोष्टीत ते थोर होते आणि मी नुसतीच भाग्यवान. चांगली गोष्ट होती. सात-आठ महिने तिच्यावर मी छान झोपले.

मग एका रविवारी त्यांचे आभार मानायला छावणीत गेले. पेढे नेले होते, माझी लाज काढायला तेवढं पुरे. काका तेव्हा एका वकिलाकडं टायपिंग करत होते. दुसरीकडं कुठं त्यांना घेतलं नव्हतं. शहरातल्या सॉफ्टवेअरवाल्यांत आमच्या मालकांचा शब्द चालायचा. काकूंनी पाणी दिलं, अर्धा पेला. तेव्हा सगळ्यांकडंच अर्धा पेला मिळायचा.

मी म्हणाले, "काका, त्या दिवशी तुम्ही मला वाचवलंत. तुम्ही मला फोन करून विचारलं होतं हे सांगितलं असतं, तर नोकरी माझी गेली असती."

त्यांनी चष्मा काढला, बनियनला पुसला, परत घातला.

"मी कशाला वाचवतो तुला?" ते म्हणाले. "माझी पोरगी शिकायलीय अजून. मी म्हणलो असतो की विचारलं होतं, तर साहेबांना वाटलं असतं म्हातारा पोरीवर ढकलायलाय. ते तुझ्या तोंडून यायला पायजे होतं बेटा. म्हणून गप बसलो. तुझ्याकडं बघत तुझी वाट पायली."

पेढ्यांचा डबा माझ्या हातातच होता.

"लई वेळ पायली," काका म्हणाले.