बुडबुडे डावीकडे गेले

हृदयाची सोनोग्राफी करण्यात ताईंचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आज टेबलावर बँडमधला ट्रंपेटवाला होता. मेंदूत गुठळी अडकून त्याची वाचा काही वेळ गेली होती. गुठळी आली कुठून हे कळेपर्यंत वाजवायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

ताईंनी सलाईनमध्ये हवा घुसळून बारीक बुडबुडे केले. नर्सने ते हाताच्या शिरेत सोडले. पडद्यावर हृदयाची उजवी बाजू पांढरी झाली, डावी काळीच राहिली.

"सुटलो!" तो म्हणाला.

"घाई नको, राजे," ताई म्हणाल्या. "उजवी बाजू रक्त फुप्फुसांकडे पाठवते, बुडबुडे तिथंच गाळले जातात. फुप्फुसांतून परतलेलं रक्त डावी बाजू अंगभर ढकलते. मधे भिंत आहे. तिला फट असली तरी ती बहुतेक वेळ मिटलेली असते. जोरानं दम कोंडून सोडला की क्षणभर उघडते. मघाशी सांगूनही तुम्ही जोर लावलाच नाहीत."

"लाज वाटली हो."

"शेवटचा सूर धरता ना, तसा दम कोंडा. तोंड बंद!"

नर्सने पुन्हा बुडबुडे सोडले. त्याचा चेहरा लाल झाला.

"आता सोडा!"

पुढच्याच ठोक्यांत पांढरे ठिपके डावीकडे निसटले.

"फट आहे," शेजारी उभे असलेले डॉक्टर पडद्याकडे वाकून म्हणाले. "गुठळी इथूनच गेली असणार. ही बंद करता येते. मग वाजवण्याचं बघू."

ट्रंपेटवाल्याने ताईंकडे पाहिलं. "दम कसा होता?"

"दम तुमचा झकास," ताई ताठ मानेनं म्हणाल्या, "पण फट मी पकडली."