राहिलेल्या नळ्यांचा निरोप

आमच्या वन्सं अर्धवट बोलत नाहीत. पाहुणे येणार असं कुणी सांगितलं की त्या विचारतात, किती जण, कधी, आणि जेवून येणार की जेवायला? तिन्ही उत्तरं मिळाल्याशिवाय तो निरोप माझ्यापर्यंत पोचत नाही. एकदा तर पाहुणे दारात येऊन उभे राहिले. वन्सं तोवर तिसऱ्या उत्तराची वाट बघत होत्या. आमचे हे तेव्हा म्हणाले, “ताई, तुझा निरोप म्हणजे वरात निघून गेल्यावर वाजणारा बँड.” त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “अर्ध्या निरोपाने माणूस फसतो.”

यजमान गेल्यावर त्या आमच्याकडे राहायला आल्या आणि थोड्याच दिवसांत खालच्या दुकानात कामाला लागल्या. दुकान म्हणायचं, पण गिऱ्हाईक कधी दारात येत नाही. दोन खोल्या, भिंतभर फळ्या, एक लांब टेबल आणि पत्त्यांच्या चिठ्ठ्या छापणारं यंत्र. घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल तर ज्या वस्तू लागतात त्या इथून जातात: हातमोजे, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेच्या गाद्या, पट्ट्या, नळ्या. लोक इंटरनेटवर मागवतात. मालकीण तरुण आहे, सारखी इकडून तिकडे भिरभिरते, म्हणून वन्सं तिला चिमणी म्हणतात. चिकटपट्टी लावून खोकी बांधतात ते पट्टीवाले काका. आणि गिऱ्हाइकांना कळवायचं काम वन्संचं.

मी रोज दुपारी त्यांचा डबा घेऊन खाली जाते, त्यामुळे ते काम मला आता कळतं. एका ऑर्डरमधल्या सगळ्याच वस्तू आपल्या फळ्यांवर असतात असं नाही. ज्या आहेत त्या इथून निघतात, बाकीच्या दुसऱ्या गावातल्या पुरवठादाराच्या गोदामातून थेट गिऱ्हाइकाकडे जातात. म्हणजे ऑर्डर एक, पार्सलं दोन, आणि प्रत्येकाचा ट्रॅकिंग नंबर वेगळा. तो नंबर कुरिअरच्या पानावर टाकला की पार्सल कुठवर आलं ते दिसतं. या खोक्यात काय आहे, काय नाही, राहिलेलं कुठून आणि साधारण कधी येईल, दुसऱ्या खेपेचे वेगळे पैसे पडणार नाहीत, हे सगळं वन्सं लिहितात. लोक पहिली ओळ वाचून फोन खिशात टाकतात हे त्यांना पक्कं ठाऊक, म्हणून पहिली ओळ ठरलेली असते: या खोक्यात सगळं नाही.

पण त्याच्या आधी एक निरोप आपोआप जातो. चिठ्ठी छापली रे छापली की कॉम्प्युटर गिऱ्हाइकाला कळवून मोकळा होतो, तुमची ऑर्डर रवाना झाली, हा घ्या नंबर. अर्धी की पूर्ण हे त्याला कळत नाही. त्यामुळे वन्संचा निरोप त्याच्या पाठोपाठ गेलाच पाहिजे.

त्या दिवशी मी डबा टेबलावर ठेवला तरी त्यांनी मान वर केली नाही. चेहरा पांढराफटक पडला होता.

“पोचलं,” त्या म्हणाल्या.

“पोचलं तर बरंच झालं की!”

“अगं वहिनी, हातमोजे पोचले. पट्ट्या पोचल्या. नळ्या नाहीत पोचल्या.”

मग तुटक तुटक सांगितलं. एका मुलाने आईसाठी सामान मागवलं होतं. आईच्या गळ्याला भोक पाडून श्वासासाठी नळी बसवलेली. तिच्यात कफ साचतो, तो यंत्राला बारीक नळी लावून सारखा ओढून काढावा लागतो. नाही काढला तर श्वासाची वाटच बंद. त्या बारीक नळ्या आपल्याकडे संपल्या होत्या, म्हणून त्या पुरवठादाराकडून जाणार होत्या. ऑर्डरखाली मुलाने लिहिलं होतं: नळ्या संपत आल्या आहेत, कृपा करून लवकर.

“पण तुम्ही तर कळवता ना लगेच?”

वन्संनी पडद्याकडे बोट केलं. निरोप लिहिलेला होता. पहिली ओळ ठरलेली, खाली सगळं व्यवस्थित. फक्त दुसऱ्या पार्सलच्या नंबरची जागा रिकामी होती. पुरवठादार म्हणाला, संध्याकाळी देतो. मग म्हणाला, गाडी आली नाही, उद्या देतो. आणि नंबराशिवाय निरोप पाठवायचा म्हणजे अर्धवट पाठवायचा, म्हणून वन्संनी तो तसाच ठेवून दिला होता. कॉम्प्युटरचा निरोप मात्र कधीच गेला होता. तो मुलगा आईच्या उशाशी बसून समजत होता की सगळं येतंय.

हे ऐकता ऐकता मी मनातल्या मनात देवाचं नाव घ्यायला लागले. तेही धड जमेना, मध्येच विसरायला होई.

“फोन लावा ना,” मी म्हटलं.

“लावतेच आहे. वाजतो नि थांबतो.”

चिमणी आतून धावत आली. “मावशी, काय झालं?” ऐकल्यावर म्हणाली, “मला का नाही सांगितलंत? पुरवठादाराचा कान धरला असता मी.”

“धर आता. आणि मग माझाही धर.”

चिमणीने पुरवठादाराला गाठलं. तो म्हणाला, पार्सल बांधून तयार आहे, आत्ता गाडीत चढवतो. पण आत्ता चढवलेलं तिथे आज थोडंच पोचणार होतं! वन्संनी परत फोन लावला. परत वाजला आणि थांबला. त्यांनी मेसेज टाकला: खोक्यात नळ्या नाहीत, त्या वेगळ्या येत आहेत, हातात असतील त्या जपून वापरा आणि जवळच्या औषधांच्या दुकानातून आजच घ्या. मेसेज गेला, पण कुणी वाचल्याची खूण काही उमटेना.

पट्टीवाले काका एवढा वेळ हातात पट्टी धरून उभे होते. ते म्हणाले, “खोकं कुणी घेतलं तिथे? सही कुणाची आहे?”

वन्संनी ट्रॅकिंगचं पान उघडलं. तिथे लिहिलं होतं: शेजाऱ्यांकडे दिले.

म्हणजे खोकं अजून उघडलेलंच नसणार. खोकं शेजारी येऊन पडलंय म्हणून तो मुलगा निर्धास्त बसला असेल. शेवटची नळी वापरेल, मग खोकं फोडेल, आणि आत पट्ट्या नि हातमोजे. ते चित्र डोळ्यांपुढे आलं. वन्सं उभ्या राहिल्या, बसल्या, परत उभ्या राहिल्या.

“ज्याने दिलं त्यालाच परत पाठवायचं,” त्या म्हणाल्या.

कुरिअरच्या त्या गावातल्या ऑफिसला फोन लावला. पलीकडच्या बाई म्हणाल्या, “तक्रार असेल तर पानावर नोंदवा.”

“तक्रार नाही हो माझी! तुमच्या माणसाने पार्सल अगदी नीट दिलंय. चूक माझी आहे. त्याच घरी परत जाऊन दार वाजवायला सांगायचंय.”

“बाई, असं नसतं हो करता येत.”

“तुमची आई आहे का?”

पलीकडे कागद सरकवल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, “नंबर सांगा पार्सलचा.”

वन्संनी एकेक आकडा सावकाश सांगितला, त्यांनी तो वाचून दाखवला. “तो अजून त्याच भागात असेल. बघते,” म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मग नुसती वाट बघणं. चिमणी फोन हातात धरून दाराशी. काकांनी एक खोकं बांधायला घेतलं आणि उलटं बांधलं. वन्संनी डब्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी म्हटलं, “दोन घास खा.” त्या म्हणाल्या, “घशाखाली उतरायला घसा मोकळा लागतो, वहिनी.” आणि मग त्यांना त्या मुलाच्या आईच्या गळ्याची आठवण झाली असावी, कारण त्यांनी तोंडावर पदर धरला.

फोन वाजला. नंबर त्या मुलाचाच. वन्संनी आवाज मोठा केला आणि फोन टेबलावर ठेवला.

“कोण बोलतंय? माणूस पाठवलात दारावर. काय झालंय?” आवाज दबका. “आई झोपली की मी फोन मुका करतो.”

“या खोक्यात सगळं नाही,” वन्सं म्हणाल्या. ठरलेलीच ओळ तोंडून निघाली. “नळ्या नाहीत. त्या वेगळ्या येताहेत, आज नाही येणार. तुमच्याकडे आत्ता किती आहेत?”

पलीकडे खण उघडल्याचा आवाज. मग, “एक. ती लावलेली.”

“दुकान कुठे आहे जवळ?”

“हॉस्पिटलसमोर. पण आईला सोडून कसा जाऊ? सगळं येतंय म्हणाला होतात ना तुम्ही! त्या भरवशावर बसलो मी!”

वन्संनी स्पष्टीकरण दिलं नाही. विचारलं, “तो पार्सलवाला अजून दारात आहे?”

“आहे.”

“त्याला विचारा, आणून देईल का? जुन्या नळीचं रिकामं पाकीट असेल ना, ते त्याच्या हातात द्या. त्यावर नळीचा आकार लिहिलेला असतो. तोच आणायला सांगा, दुसरा नको.”

फोन तसाच चालू राहिला. दार, पावलं, काहीतरी बोलणं. मग एक खोकला आला, ओला, घुसमटलेला, आणि पाठोपाठ यंत्राची घरघर. आम्ही चौघं त्या टेबलाभोवती उभे, आणि शेकडो मैलांवरच्या एका म्हातारीचा श्वास ऐकत होतो. मी डोळे मिटले. घरघर थांबली. परत सुरू झाली. परत थांबली.

बऱ्याच वेळाने मुलगा म्हणाला, “आणल्या त्याने. निघाला कफ. आता बरी आहे.” मग, “पुढच्या वेळी आधी सांगा.” आणि फोन बंद झाला.

वन्संनी खुर्ची ओढून घेतली. चिमणी म्हणाली, “मावशी, तो आपोआप जाणारा निरोप मी आजच बदलते. दोन पार्सलं असली की तो जाणारच नाही.”

“बदल. पण कॉम्प्युटर नाही गं थांबला, मी थांबले.”

संध्याकाळी पुरवठादाराकडून नंबर आला. वन्संनी तो मुलाला पाठवला, आणि पार्सल कुठे आहे ते दर थोड्या वेळाने पान उघडून बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी आणखी एक ऑर्डर अशीच दोन पार्सलांची निघाली. काका चिठ्ठी छापायला गेले तसं वन्संनी त्यांना हाताने थांबवलं आणि आधी निरोप लिहिला. पहिली ओळ तीच. खाली, पहिल्या पार्सलचा नंबर तासाभरात. दुसऱ्याचा नंबर अजून आलेला नाही, आला की कळवते, नाही आला तरी उद्या सकाळी कळवते.

मी वाचून म्हटलं, “वन्सं, हा तर अर्धवट आहे.”

“हो,” त्या म्हणाल्या, आणि पाठवायचं बटण दाबलं.